'मम' आणि 'न मम' : कर्मकांडाला अर्थ असतो का, हा वाद कसा वाचावा

घरी पूजा असली की संकल्पाच्या वेळी गुरुजी क्षणभर थांबतात, "मम म्हणा" असे सांगतात आणि यजमान "मम" म्हणतो. संकल्पाचे पुढचे लांबलचक संस्कृत वाक्य बहुतेकांना कळलेले नसते. तरीही पूजा त्याच्याच नावाने सुरू होते. या प्रसंगावरूनच मराठीत 'मम म्हणणे' हा वाक्प्रचार आला आणि स्वतः विचार न करता दुसऱ्याच्या बोलण्याला रुकार देणे असा त्याचा अर्थ रूढ झाला. अर्थ न कळता केलेले कर्म हे खरोखर अर्थहीन कर्म असते का, हा प्रश्न या वाक्प्रचारातच दडलेला आहे. कर्मकांडाच्या अभ्यासात त्यावर मोठा वाद झाला. त्याच्या केंद्रस्थानी असलेला निबंध फ्रिट्स स्टाल या डच अभ्यासकाने 1979 साली 'न्यूमेन' या धर्माभ्यासाच्या नियतकालिकात लिहिला. कर्मकांड अर्थशून्य असते, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते.

हा निबंध आणि त्यावरील चर्चा पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. वाचक एक तर शीर्षक पाहून बिथरतात, नाही तर "आम्ही म्हणतच होतो" अशा समाधानाने पुढचे वाचायचे सोडून देतात, आणि दोन्ही वेळा खरा मुद्दा निसटतो. पुढच्या पायऱ्या मी स्वतः ज्या क्रमाने गेलो त्याच क्रमाने दिल्या आहेत. चौथ्या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण वादाचा निकाल लागायचा असेल तर तो तिथेच लागतो.

पहिली पायरी : 'अर्थ' हा शब्द फोडून घ्या

मराठीत आणि संस्कृतात 'अर्थ' या एकाच शब्दाने तीन वेगळ्या गोष्टी सांगता येतात. "या श्लोकाचा अर्थ सांगा" असे म्हणताना आपल्याला शब्दार्थ किंवा वाक्यार्थ हवा असतो. "दिवा लावण्याचा अर्थ काय" असे विचारताना त्या कृतीतून काय सुचते, ती कशाचे प्रतीक आहे, हे विचारायचे असते. "आता जाण्यात अर्थ नाही" असे म्हणताना अर्थ म्हणजे प्रयोजन. स्टाल यांचा निबंध वाचताना समासात प्रत्येक विधानापुढे शब्दार्थ, सूचितार्थ किंवा प्रयोजन यांपैकी कोणता अर्थ नाकारला आहे ते पेन्सिलीने लिहून ठेवावे. तसे केले की लक्षात येते की त्यांचा मुख्य हल्ला सूचितार्थावर आणि प्रयोजनावर आहे. कर्म ही शुद्ध क्रिया आहे, तिच्यात नियम महत्त्वाचे असतात आणि ती स्वतःसाठीच केली जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. कर्म हे पुराणकथेचे नाट्यरूप असते किंवा समाजाची मूल्ये ते प्रतीकांतून सांगते, ही त्या काळी सर्वत्र मान्य असलेली उत्तरे त्यांना पटत नव्हती.

शब्दार्थाचा प्रश्न मात्र त्यांच्या मांडणीत हळूच आत येतो. मंत्र ही मुळात भाषा नाही, त्यांचा वापर भाषेसारखा होत नाही, अशा दिशेने त्यांचे पुढचे लेखन जाते. 1989 सालच्या त्यांच्या ग्रंथाचे शीर्षकच अर्थाविना नियम अशा आशयाचे आहे. सूचितार्थ नाकारण्यासाठी दिलेला पुरावा शब्दार्थ नाकारायला पुरत नाही. निबंधात हा सांधा कुठे येतो ते शोधून ठेवले, तर पुढच्या वाचनात निम्मा गोंधळ होत नाही.

दुसरी पायरी : पुरावा कुठून आला ते पाहा

स्टाल ग्रंथालयात बसून बोलत नव्हते. 1975 सालच्या एप्रिलमध्ये केरळातील त्रिशूर जिल्ह्यातल्या पांजाळ या गावी नंबूदिरी ब्राह्मणांनी अग्निचयन हा बारा दिवसांचा सोमयाग, म्हणजे सोमरसाची आहुती देण्याचा वैदिक यज्ञ, केला. स्टाल यांनी त्याच्या आयोजनात भाग घेतला, त्याचे ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण झाले, आणि 1983 साली दोन मोठ्या खंडांत त्याचा तपशील प्रसिद्ध झाला. वेदांत सांगितलेले मोठे यज्ञ, म्हणजे श्रौत यज्ञ, अलीकडच्या काळात कुठे कुठे झाले याचा आढावा या खंडांत आहे आणि तो लिहिण्यात पुण्याचे चिंतामण गणेश काशीकर यांचा वाटा आहे. मराठी वाचकाला श्रौताची आपल्याकडची परंपरा शोधायची असेल तर तिथून सुरुवात करता येते.

अग्निचयनात पसरलेल्या पंखांच्या पक्ष्याच्या आकाराची वेदी पाच थरांत रचतात. तिला हजारावर विटा लागतात. कोणती वीट कोणत्या थरात, कोणत्या जागी, कोणता मंत्र म्हणून ठेवायची, हे सारे ठरलेले असते. त्यानंतर जुन्या मंडपातला अग्नी पूर्वेकडे या नव्या वेदीवर नेतात. या अग्निप्रणयनाच्या प्रसंगावर स्टाल थांबतात. ऋत्विजांच्या, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांच्या, मनात त्या वेळी काय चालते, असे ते विचारतात. त्यांचे उत्तर असे की ऋत्विजांचे सगळे लक्ष कृती, पठण आणि गायन बिनचूक होण्याकडे असते आणि कोणतीही प्रतीके त्यांच्या मनात घोळत नसतात. हे का करता, असे विचारल्यावर वेगवेगळी उत्तरे मिळतात: पूर्वज करत आले म्हणून, आम्हाला अधिकार आहे म्हणून, समाजाच्या भल्यासाठी, हे कर्तव्य आहे म्हणून, अमृतत्व मिळते म्हणून. उत्तरांत एकवाक्यता नाही, कृतीत मात्र कमालीची एकवाक्यता आहे. तेव्हा कृतीचा आकार त्या उत्तरांमधून आलेला नाही, असे स्टाल म्हणतात.

हा युक्तिवाद वाचताना त्यातली दोन वेगळी विधाने वेगळी ठेवावीत. उत्तरे वेगवेगळी आणि कृती एकच, म्हणून कृतीचा आकार करणाऱ्याच्या हेतूने ठरत नाही, हे विधान भक्कम आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. करणाऱ्याच्या मनात अर्थ नाही, म्हणून कृतीलाच अर्थ नाही, हे दुसरे विधान मात्र पहिल्यातून निघत नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखतावर सही करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे सगळे लक्ष हात कापू नये, अक्षर नमुन्यासारखे यावे, अंगठा चौकटीत उमटावा यावरच असते; जमीन, हक्क, वारसा यांतले काही त्या क्षणी त्याच्या मनात नसले तरी जमीन दुसऱ्याच्या नावावर जातेच. अर्थ त्या क्षणी मनात असावा लागतो, हे गृहीतक निबंधात न सांगताच वापरलेले आहे. नवा वाचक इथेच सर्वांत जास्त वेळा फसतो, कारण ऋत्विजांच्या एकाग्रतेचे वर्णन इतके खरे आहे की त्यापुढे काढलेला निष्कर्षही खराच वाटू लागतो.

तिसरी पायरी : त्यांची सर्वांत बळकट बाजू आधी समजून घ्या

स्टाल भाषाशास्त्र आणि तर्कशास्त्र जाणणारे होते. कर्माच्या रचनेत त्यांना व्याकरणासारखी वाक्यरचना दिसली. सोमयागाच्या आरंभी प्रायणीय नावाची इष्टी, म्हणजे एक लहान यज्ञ, करतात आणि शेवटी तशाच घडणीची उदयनीय इष्टी करतात. सगळा याग या दोन इष्टींच्या कंसात बसतो. लहान कर्म मोठ्यात आणि ते आणखी मोठ्यात बसवले जाते. एकाच्या आत दुसरे बसवत जाण्याची ही पद्धत ठराविक नियमांनी लिहून दाखवता येते, आणि ती लिहिताना कोणत्या कर्माचा अर्थ काय हे एकदाही विचारावे लागत नाही. कर्माच्या रचनेचा अभ्यास अर्थापासून स्वतंत्रपणे होऊ शकतो, हे त्यांनी दाखवले. प्रतीकांच्या मागे धावणाऱ्यांनी अशा रचनेकडे तोवर फारसे पाहिले नव्हते.

सामगान हा त्यांचा दुसरा आधार. ऋचा सामात गाताना मध्ये 'हाउ', 'औहोवा' असे स्तोभ येतात. त्यांना शब्दार्थ नसतो आणि तसा तो असल्याचा दावा परंपराही करत नाही, तरी एकही स्तोभ गाळून चालत नाही. स्टाल अशा ध्वनींची तुलना पक्ष्यांच्या गाण्याशी करतात. शब्दार्थ नसलेली पण काटेकोर नियमांनी बांधलेली कृती असू शकते याला इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही. हा मुद्दा टीकाकारांनी घाईने बाजूला सारू नये असे मला वाटते.

टीकेची सुरुवातही याच जागेवरून झाली. हान्स पेनर यांनी 1985 साली त्याच नियतकालिकात उत्तर दिले. कर्माची तुलना भाषेच्या वाक्यरचनेशी करायची आणि भाषेत वाक्यरचना व अर्थ हातात हात घालून चालतात हे मात्र सोडून द्यायचे, ही निवड सोयीची आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. कॅरोलाइन हम्फ्री आणि जेम्स लेडलॉ यांनी जयपूरच्या श्वेतांबर जैनांच्या पूजेवरून 1994 साली वेगळा मार्ग सुचवला. त्यांच्या मते करणाऱ्याचा हेतू कृतीची ओळख ठरवत नाही, आणि म्हणूनच प्रत्येकाला तिच्यात आपला अर्थ ठेवायला जागा उरते. दुसऱ्या पायरीत मी जे विधान भक्कम म्हटले त्याच्याशी हे जुळते. या दोन्ही लेखनांकडे नंतर वळावे, कारण आधी मूळ सामग्रीवर हात चालवला तर त्यांचे म्हणणे अधिक नीट तोलता येते.

चौथी पायरी : एक मंत्र घ्या आणि तो बदलून पाहा

अर्थ आहे की नाही हे ठरवण्याची सर्वांत विश्वासार्ह कसोटी म्हणजे बदल. एखाद्या कर्मात काही बदलावे लागते तेव्हा तो बदल कशाच्या आधाराने होतो, हे पाहायचे. बदल नुसत्या जागेच्या किंवा ध्वनीच्या नियमाने झाला तर स्टाल जिंकले. अर्थ कळल्याशिवाय तो करताच येत नसेल, तर अर्थ नियमाच्या आतच बसलेला आहे. मंत्रात असा बदल करण्याला मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राचे पंडित, ऊह म्हणतात आणि त्या शास्त्राचा पाया असलेल्या जैमिनींच्या सूत्रांचा नववा अध्याय त्यालाच वाहिलेला आहे.

दर्शपूर्णमास या अमावास्या-पौर्णिमेच्या इष्टीत पुरोडाश या आहुतीच्या भाकरीसाठी अध्वर्यू हा ऋत्विज व्रीहींच्या, म्हणजे न सडलेल्या भाताच्या, मुठी सुपात काढतो. या कृतीला निर्वाप म्हणतात. मुठी चार असतात. पहिल्या तीन काढताना मंत्र म्हणायचा आणि चौथी मूकपणे काढायची. मंत्र असा आहे: "देवस्य त्वा सवितुः प्रसवेऽश्विनोर्बाहुभ्यां पूष्णो हस्ताभ्यामग्नये जुष्टं निर्वपामि." सवितृ देवाच्या प्रेरणेने, अश्विनांच्या बाहूंनी, पूषनाच्या हातांनी, अग्नीला प्रिय असे हे मी काढतो, असा त्याचा अर्थ. आधी स्टाल यांच्या बाजूने पाहा. चौथ्या मुठीला मंत्र नाही, पण ती मूठ पहिल्या तिघींइतकीच खरी आहे. मंत्राचे वाक्य हेच कृतीला कृती बनवत असते, तर चौथी मूठ अपुरी ठरली असती. हा तपशील त्यांच्या पारड्यात टाकायला हवा.

आता बदल करू. ब्रह्मवर्चसाची, म्हणजे वेदाध्ययनाच्या तेजाची, इच्छा असणाऱ्याने सूर्याला चरू, म्हणजे शिजवलेला भात, द्यावा, असे एक विधान आहे. या इष्टीचा साचा दर्शपूर्णमासाकडून येतो, त्यामुळे निर्वापाचा मंत्रही तिकडूनच येतो, पण देवता बदलली आहे. मंत्रात देवतांची चार नावे आहेत: सविता, अश्विन, पूषा आणि अग्नी. वाचकाने इथे थांबून यांतली कोणती बदलायची ते स्वतः ठरवून पाहावे. परंपरेचे उत्तर असे की फक्त 'अग्नये' बदलून 'सूर्याय' म्हणायचे आणि बाकीची तिन्ही जशीच्या तशी ठेवायची. कारण हे द्रव्य ज्याला द्यायचे तो अग्नी होता. सविता, अश्विन आणि पूषा यांना या आहुतीत काही मिळत नाही, त्यांची नावे निर्वापाच्या स्तुतीसाठी आली आहेत.

हा निर्णय ध्वनीवरून घेता येत नाही. "देवतेचे नाव दिसले की बदला" असा नियम केला तर चारही नावे बदलतील आणि मंत्र मोडेल. "शेवटचे नाव बदला" असा नियम केला तर या मंत्रात उत्तर बरोबर येईल, पण नाव दुसऱ्या जागी असलेल्या मंत्रात चुकेल. वाक्यात कोण देतो, कोणाला देतो आणि कोणाचे नाव केवळ गौरवासाठी आले आहे, हे कळलेल्यालाच योग्य शब्द बदलता येतो. म्हणूनच मंत्र अर्थवान आहेत हे सिद्ध करताना मीमांसकांनी ऊहाचाच आधार घेतला. वेदाचे रक्षण आणि ऊह यांसाठी व्याकरण शिकावे, असे पतंजलींनीही सांगितले आहे. मंत्र हा नुसता ध्वनी असता तर त्याला विभक्ती लावायला व्याकरण कशाला लागले असते?

स्टाल यांचा समर्थक यावर एक चांगला प्रतिप्रश्न करू शकतो. हे सगळे यांत्रिक पद्धतीने लिहून ठेवता येईल, तो म्हणेल. प्रत्येक मंत्राच्या यादीत बदलायच्या शब्दावर खूण करून ठेवली की पुढच्या ऋत्विजाला काही समजायची गरज नाही. ते खरे आहे, आणि कर्म कसे करायचे ते सांगणाऱ्या प्रयोगाच्या पोथ्या बऱ्याच अंशी हेच काम करतात. पण ती खूण पहिल्यांदा करणाऱ्याला अर्थ कळावा लागला होता आणि खूण चुकली आहे का हे तपासायचे असेल तेव्हा पुन्हा अर्थाकडेच जावे लागते. अर्थ प्रत्येक करणाऱ्याच्या मनात नसेल, पण नियम घडवणाऱ्या परंपरेत तो आहे.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे, पण ते वगळावेसे वाटत नाही. इष्टीतल्या एका मंत्रात पुरोडाशाला 'व्रीहीणां मेध', म्हणजे व्रीहींचे सार, असे संबोधले आहे. वाजपेय या सोमयागात बृहस्पतीला नीवाराचा, म्हणजे आपोआप उगवणाऱ्या रानभाताचा, चरू द्यायचा असतो. तिथे मंत्रात बदल करून 'नीवाराणां मेध' म्हणतात. आता वेगळी परिस्थिती घ्या: इष्टी नेहमीचीच आहे, व्रीही मिळाले नाहीत म्हणून नाइलाजाने नीवार घेतले. धान्य तेच, सूप तेच, हात तेच. पण या वेळी मंत्र बदलत नाही, 'व्रीहीणां मेध' असेच म्हणायचे. कारण नीवार इथे स्वतःच्या अधिकाराने आलेले नाहीत, व्रीहींचे प्रतिनिधी म्हणून आले आहेत. कॅमेऱ्याला या दोन प्रसंगांतला फरक दिसणार नाही. डोळ्यांना दिसणारी कृती सारखीच असताना कोणते वाक्य बरोबर हे ठरवते ती त्या द्रव्याची भूमिका, आणि भूमिका ही अर्थाचीच गोष्ट आहे.

पाचवी पायरी : 'न मम' कडे पाहा

श्रौत परंपरेत यज्ञाची तीन अंगे सांगतात: द्रव्य, देवता आणि त्याग. आहुती अध्वर्यू टाकतो, पण ती पडत असताना यजमान "अग्नय इदं न मम" असे म्हणतो: हे अग्नीचे, माझे नव्हे. तूप अग्नीत ओतणे ही हाताची क्रिया झाली. त्या द्रव्यावरचा आपला हक्क देवतेच्या नावे सोडणे हा त्याग, आणि मीमांसेच्या दृष्टीने यागाचे सार त्यातच आहे. म्हणजे याग म्हणजे काय, हा मूळ नियमच हक्क, देवता आणि देणे या कल्पनांशिवाय सांगता येत नाही. चुकून कलंडलेल्या भांड्यातले तूप अग्नीत पडले तरी याग होत नाही, आणि का होत नाही हे अर्थ वगळून समजावता येत नाही.

स्टाल यांनाही त्यागाचे महत्त्व दिसते. पण त्यांच्या वाचनात यजमान फळाचाच त्याग करतो, म्हणजे ज्यासाठी यज्ञ आरंभला तेच सोडून देतो, आणि त्यातून त्यांना प्रयोजन गळून पडल्याचे दिसते. इथे काळजीने वाचावे. सूत्रवाक्यातले 'इदम्' हे समोरच्या द्रव्याकडे बोट दाखवते. फळ आणि द्रव्य यांना एक समजले तर विरोधाभास दिसतो. वेगळे ठेवले तर तो उरत नाही. या एका शब्दावर एक तास घालवला तरी तो वाया जात नाही.

सहावी पायरी : कौत्साला ओळखा, पण त्याला स्टाल समजू नका

हा वाद जुनाच आहे, असे सांगताना वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या यास्काच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथातल्या कौत्साचे मत अनेकदा पुढे करतात: "अनर्थका हि मन्त्राः." त्याचे आक्षेप आजही ताजे वाटतात. मंत्रांतले शब्द आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही, काही शब्दांचा अर्थच लागत नाही, आणि शस्त्र चालवतानाच "स्वधिते मैनं हिंसीः", कुऱ्हाडी, याला इजा करू नकोस, असे म्हणायचे म्हणजे काय, असे तो विचारतो. यास्क उत्तर देतो की शब्द लोकव्यवहारातलेच आहेत, म्हणून ते अर्थवान आहेत. 'पितापुत्रौ' म्हणताना व्यवहारातही क्रम ठरलेलाच असतो. आणि आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे.

कौत्स मंत्रांच्या शब्दार्थाविषयी बोलत होता. यज्ञाला प्रयोजन नाही असे त्याच्या आक्षेपांत कुठेच नाही. स्टाल यांचा मुख्य दावा कृतीविषयी आहे. दोघांना एकाच रांगेत उभे करणारा लेख हाती आला, तर लेखकाने पहिली पायरी गाळली आहे असे समजावे.

सातवी पायरी : पांजाळच्या बोकडांकडे परत या

पांजाळच्या यागात बोकडांचे बळी द्यायचे होते, पण त्याला मोठा विरोध झाला. शेवटी बोकडांऐवजी केळीच्या पानात गुंडाळलेले तांदळाच्या पिठाचे पिंड वापरले गेले. या घटनेचा दोन्ही बाजूंनी उपयोग होतो, म्हणून ती शेवटी ठेवली आहे. एवढे महत्त्वाचे द्रव्य बदलूनही याग झाला, तेव्हा द्रव्याचे प्रतीकमूल्य निर्णायक नव्हते आणि रचना टिकली हेच पुरेसे होते, असे स्टाल यांच्या बाजूने म्हणता येते. पण बदल का करावा लागला, हेही विचारावे लागते. विरोध करणाऱ्यांनी कर्माच्या नियमांत चूक काढली नव्हती. जीव मारणे या गोष्टीचा त्यांना असह्य अर्थ लागत होता. आणि ऋत्विजांनीही वाटेल ती वस्तू बोकडाच्या जागी ठेवली नाही. पिठाचा पिंड चालतो आणि दगड चालत नाही, यामागे आहुतीच्या द्रव्यात काय असायला हवे याची एक समज आहे. मीमांसेत प्रतिनिधी निवडताना साधर्म्य पाहतात, आणि देवता, अग्नी, मंत्र व क्रिया यांना प्रतिनिधी चालत नाही असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. काय बदलता येते आणि काय नाही, याची ही रेघ कशाच्या आधारे ओढली आहे ते शोधणे, हाच या घटनेचा खरा अभ्यास आहे.

इथवर आल्यावर माझे मत सांगायला हरकत नाही. कर्माचा आकार करणाऱ्याच्या हेतूवरून किंवा एखाद्या प्रतीककोशावरून समजावता येत नाही, हे स्टाल यांनी कायमचे दाखवून दिले आहे. स्तोभ आणि कर्मांच्या कंसासारख्या रचना यांबाबत त्यांचे म्हणणे जवळजवळ पूर्ण खरे आहे. ऊह, प्रतिनिधी आणि त्याग या तीन जागी मात्र नियमच अर्थाच्या भाषेत लिहिलेला आहे, आणि तिथे अर्थ काढून घेतला तर नियमही हातात राहत नाही.

घरी करून पाहण्याचा अभ्यास

पुढच्या वेळी एखाद्या पूजेला बसाल तेव्हा वही जवळ ठेवा. श्रौत यज्ञ आणि घरची पूजा यांत अंतर खूप आहे, म्हणून एकाचे निष्कर्ष दुसऱ्यावर सरळ लादू नयेत. पण निरीक्षणाची सवय पूजेत चांगली लागते. गुरुजी कोणती चूक थांबून दुरुस्त करतात आणि कोणती चालवून घेतात, एवढेच आधी टिपा. उजवा-डावा हात, पळीभर पाणी, फुलाचे देठ यांवर ते बोलतील. तुमच्या मनात कोणता भाव आहे हे बहुधा विचारणार नाहीत. हा स्टाल यांचा पुरावा झाला, तो प्रामाणिकपणे लिहून घ्या. संकल्पात तुमचे नाव, गोत्र, तिथी आणि गाव घालण्याच्या जागा येतील. कोणते शब्द बदलले आणि कोणते तसेच राहिले ते त्याखाली लिहा.

नंतर सोळा उपचारांपैकी जे साहित्य घरात नसेल त्याच्या वेळी कान देऊन ऐका. दागिना नाही, म्हणून गुरुजी चिमूटभर अक्षता देतील आणि "आभरणार्थे अक्षतान् समर्पयामि" म्हणतील. नीवाराच्या प्रसंगात प्रतिनिधी आला तरी मंत्राने त्याची दखल घेतली नव्हती. इथे मात्र वाक्यच सांगते की हातात अक्षता आहेत आणि त्या आभरणाच्या जागी आहेत. दोन्ही परंपरांनी एकाच अडचणीवर दोन उलट उत्तरे का दिली असावीत, हे वहीत लिहायला लागा. लिहिताना 'आभरणार्थे' मधला 'अर्थ' पहिल्या पायरीतल्या तिघांपैकी कोणता, तेही त्याच्यापुढे नोंदवा.